ड्राइव्ह दिसते, पण तिच्यावरून पीसी सुरू का होत नाही: आमचं उत्तर

★☆☆☆☆
"जुन्या पीसीला एनव्हीएमई ड्राइव्ह बसवून घेतली. विंडोजमध्ये दिसते, पण तिच्यावरून पीसी चालूच होत नाही. कार्ड खराब दिलंय. दोन फेऱ्या मारल्यावर एक पेनड्राइव्ह लावून दिला, तो नसला की पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानात सांगितलं की भारी अडॅप्टर घ्यायला हवा होता. पैसे वाया गेले."

दुकानमालकाचं उत्तर:

नमस्कार. आधी आमची चूक सांगतो. तुमचा बोर्ड बी७५ चिपसेटचा, २०१२-१३ च्या सुमाराचा. त्याला ही एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे साध्या साटा एसएसडीपेक्षा वेगवान एसएसडी, स्लॉटमध्ये बसणाऱ्या अडॅप्टर कार्डावरून जोडता येते, पण बोर्ड स्वतःहून तिच्यावरून बूट करत नाही, हे तुमच्याकडून पैसे घेण्याआधीच सांगायला हवं होतं. काउंटरवरच्या मुलाने स्लॉट मोकळा आहे एवढंच बघितलं आणि "होईल" म्हणून सांगितलं. डिचोलीपर्यंत तुम्हाला दोन फेऱ्या पडल्या त्या आमच्यामुळे. बसवण्याची मजुरी आम्ही परत करतो.

पण कार्ड खराब नाही, आणि भारी कार्ड घेऊनही काही बदललं नसतं. हे कृपया नीट वाचा, नाहीतर आणखी पैसे जातील. त्या कार्डावर डोकं असं काही नसतं. ड्राइव्हच्या पिना स्लॉटच्या पिनांना जोडणाऱ्या तारा, आणि फार तर वीज स्थिर ठेवणारे दोन-चार भाग. तेच कार्ड आणि तीच ड्राइव्ह आम्ही तुमच्यासमोर दुकानातल्या नव्या बोर्डावर लावली होती, तेव्हा ती बूट मेनूत लगेच आली.

मग विंडोजमध्ये दिसते ती बायोसमध्ये का नाही? विंडोज १० कडे एनव्हीएमईचा ड्रायव्हर स्वतःचा असतो. विंडोज एकदा उभी राहिली की ती ड्राइव्हशी थेट बोलते. पण पॉवर बटण दाबल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत विंडोज कुठेच नसते. तेव्हा डिस्क वाचायचं काम बायोसचं, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधल्या प्रोग्रामचं. तुमच्या बोर्डाच्या बायोसला साटा डिस्क आणि यूएसबी वाचता येतात, एनव्हीएमई येत नाही, कारण तो ड्रायव्हर त्यात घातलेलाच नाही. इंटेलच्या बोर्डांत तो २०१४ च्या ९ सिरीजपासून बायोस अपडेटने मिळू लागला आणि १०० सिरीजपासून सर्रास आला. तुमच्या बोर्डासाठी कंपनीने दिलेलं शेवटचं बायोस आम्ही उतरवून पाहिलं, त्यातही तो नाही. म्हणून जुनी एसएसडी काढल्याबरोबर पडद्यावर `Reboot and Select proper Boot device` आलं.

इंटरनेटवर याहून जुन्या बोर्डावर एनव्हीएमई बूट झालेली तुम्ही बघितली असेल. तेही खोटं नाही. सॅमसंगच्या २०१५ च्या ९५० प्रो सारख्या ड्राइव्हमध्ये जुन्या बायोससाठीचा बूट कोड ड्राइव्हमध्येच होता. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ड्राइव्हमध्ये तो नसतो, तुमच्याही नाही.

पहिल्या फेरीला आमच्या मुलाने एक उपाय केला होता, तो का फसला तेही सांगतो, कारण पुष्कळ लोक हाच करून बघतात. त्याने बूटच्या फायली जुन्या साटा एसएसडीवर ठेवल्या आणि विंडोज नव्या ड्राइव्हवर. तर्क बरोबर वाटतो. पण विंडोजचा बूट मॅनेजर पुढची फाइल, `winload.efi`, वाचायला बायोसचाच हात धरतो. बायोसला ती ड्राइव्ह दिसत नाही, त्यामुळे `0xc000000e` येऊन गाडी तिथेच अडली. लिनक्सवर मात्र हेच चालतं. तिथे कर्नल आणि त्याच्या सोबतची फाइल साटा डिस्कवरून चढते, आणि एनव्हीएमईचा ड्रायव्हर त्यांच्यातच असल्याने पुढचं सगळं नव्या ड्राइव्हवरून वाचता येतं.

दुसऱ्या फेरीला पेनड्राइव्ह दिला तो तात्पुरती मलमपट्टी म्हणून नव्हे. त्यात क्लोव्हर नावाचा छोटा बूटलोडर आहे आणि त्याच्या फोल्डरमध्ये बायोसला नसलेला ड्रायव्हर ठेवला आहे:

```
EFI/CLOVER/drivers/UEFI/NvmExpressDxe.efi
```

बायोस पेनड्राइव्ह वाचतं, क्लोव्हर हा ड्रायव्हर चढवतो, ड्राइव्ह दिसू लागते आणि तिच्यावरची विंडोज सुरू होते. डेस्कटॉप आल्यावर पेनड्राइव्ह काढला तरी चालतं. पुढच्या वेळी सुरू करताना तो लागणारच. हे तुम्हाला बिलासोबत लिहून द्यायला हवं होतं.

यासाठी विंडोज यूईएफआय या नव्या बूट पद्धतीने बसलेली असावी लागते. तुमची जुन्या पद्धतीची होती (`msinfo32` मध्ये `BIOS Mode` समोर `Legacy` दिसत होतं), म्हणून डिस्कची मांडणी आधी नव्या पद्धतीची करून मग कॉपी करावी लागली. त्या दोन दिवसांचा उशीर यातच गेला.

ड्रायव्हर थेट बायोसमध्ये घालण्याचा रस्ताही आहे. मग पेनड्राइव्ह लागत नाही. पण बायोसची चिप पुन्हा लिहिताना वीज गेली किंवा फाइल चुकली तर बोर्ड गप्प होतो, आणि पावसात आपल्याकडे वीज कशी जाते हे तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे यूपीएस आणि चिप बाहेरून लिहायचं यंत्र आहे, तरीही मालकाने सगळं समजून हो म्हटल्याशिवाय मी हे काम करत नाही.

पैसे वाया गेले का, यावर माझं प्रामाणिक मत असं. तुमचा प्रोसेसर आय५-३४७०, आणि ग्राफिक्स कार्ड नसल्याने लांब स्लॉट मोकळा होता. तो थेट प्रोसेसरला जोडलेला, तिसऱ्या पिढीचा पीसीआय एक्सप्रेस. म्हणून वाचण्याचा वेग सेकंदाला ३,२०० एमबीच्या आसपास आला. जुन्या साटा एसएसडीवर ५४० च्या वर कधी गेला नव्हता. हेच कार्ड खालच्या छोट्या एक लेनच्या स्लॉटमध्ये घातलं असतं तर ४०० च्या आसपासच अडकलं असतं, म्हणजे साटापेक्षाही कमी. मोठ्या फायली हलवताना फरक दिसेल. विंडोज सुरू व्हायला आणि ब्राउझर उघडायला साध्या एसएसडीपेक्षा फारसा फरक पडत नाही, हेही मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

आता काय करता येईल ते. बाहेर लटकणारा पेनड्राइव्ह नको असेल तर जुनी २४० जीबीची एसएसडी पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवू. तिच्यावर २०० एमबीचा छोटा भाग करून क्लोव्हर त्यात ठेवू, उरलेली जागा तुमच्या फायलींना. बायोस साटावरून सुरू होईल, विंडोज नव्या ड्राइव्हवरून. तासाभराचं काम आहे, पैसे घेणार नाही. ती एसएसडी तुम्हाला लॅपटॉपला वापरायची आहे असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणूनच पेनड्राइव्ह दिला होता. तसं असेल तर तिच्या जागी कुठलीही जुनी, चालू साटा हार्ड डिस्क चालेल, आमच्याकडे आहे. आणि हे काहीच नको असेल तर ड्राइव्ह आणि कार्ड परत घेऊन त्याच किमतीची साटा एसएसडी देतो.

चवथीच्या सुट्टीआधी कुठल्याही दिवशी सकाळी या. येताना जुनी एसएसडी आणि पेनड्राइव्ह दोन्ही आणा, आणि तिच्यावर अजून काही ठेवायचं असेल तर त्याची कॉपी आधी काढून ठेवा, कारण भाग करताना ती डिस्क पुसावी लागेल.