भाव वाढला, पोस्ट मात्र जुनीच

डोकं फिरलंय माझं. रविवारी चोपड्याहून नवरा-बायको मोटरसायकलवर जळगावला आले, भर उन्हात, इसाराचे ५१ हजार रुमालात बांधून. पिंप्राळ्याकडचा बाराशे फुटाचा एन.ए. प्लॉट बघायला. मी भाव सांगितला २३ लाख ४० हजार. त्या माणसाने मोबाइल पुढे केला. "हाई काय शे भाऊ?" माझ्याच पेजची पोस्ट, २१ लाख ६० हजार. त्याच्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी लुटारूच आहे!

मालकाने आठ दिवसांपूर्वीच फुटाचा दर १८०० वरून १९५० केला होता आणि मी तो त्याच दिवशी प्लॉटच्या गूगल शीटमध्ये टाकला होता. पोस्ट आपोआप बदलणार म्हणून तर ती शीट करून देणाऱ्या पोराला पैसे मोजले होते! दोन महिने चाललंही. 'विकला' टाइप केलं की मिनिटभरात पोस्टवर 'विकला' दिसायचं. म्हणून मी निर्धास्त.

काल रात्री भाच्याला बसवून स्क्रिप्ट उघडली. पहिल्याच ओळीत घात होता:

```
function onSheetEdit(e) {
  if (e.range.getSheet().getName() !== "Listing") return;
```

अरे, दर मी "Rate" नावाच्या टॅबमध्ये बदलतो! "Listing" मध्ये किंमत कोणी टाइप करतच नाही, तिथे क्षेत्रफळ गुणिले दर असा फॉर्म्युला आहे. आणि गूगल शीटचा एडिट ट्रिगर माणसाने सेल बदलला तरच चालतो, फॉर्म्युल्याने आकडा बदलला तर त्याला पत्ताच लागत नाही. म्हणजे मी दर बदलला तेव्हा स्क्रिप्ट जागी झाली, टॅब वेगळा बघून परत झोपली. वर नोंदीत "Completed"! चूक नाही, लाल अक्षर नाही, काहीच नाही. पोराने तपासताना फक्त 'विकला' टाकून बघितलं. दर एकदा तरी बदलून बघायचा ना रे! आमच्या धंद्यात रोज बदलतो तो दरच.

आता भाच्याने एक कॉलम वाढवलाय, 'शेवटची टाकलेली किंमत'. दर दहा मिनिटांनी स्क्रिप्ट आजची किंमत त्याच्याशी ताडून बघते, फरक दिसला तर पोस्टचा मजकूर बदलते, आणि मजकूर खरोखर बदलला तरच कॉलममध्ये नवा आकडा लिहिते. एवढंच करायचं होतं!

पण फोटोवर छापलेले २१.६० कोण पुसणार? मजकूर नवा, बॅनर जुना. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत टाकलेले मेसेज तर १५ मिनिटांनंतर मलाही बदलता येत नाहीत. आजपासून बॅनरवर भाव छापणार नाही आणि गटात फक्त प्लॉटच्या पानाची लिंक टाकणार, आकडा नाही. चोपड्याच्या त्या भाऊंना सकाळपासून तीनदा फोन लावला. उचलत नाहीत.