नवा उपकर सुचवणाऱ्या सज्जनांस काही सूचना

आपल्या मनात एखादे सत्कार्य घोळत असेल, गावतळ्यांतील गाळ काढणे म्हणा किंवा सार्वजनिक ग्रंथालयांची डागडुजी म्हणा, आणि त्यासाठी सरकारने पैसा द्यावा असे वाटत असेल, तर अर्थसंकल्पात तरतूद मागण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये. तरतूद मागितली की आपले तळे दवाखाने, पोलिसांचे पगार आणि कर्जाचे व्याज यांच्याबरोबर एकाच रांगेत उभे राहते आणि कोणाची निकड अधिक, याची चर्चा सुरू होते. त्यापेक्षा तळ्यासाठी स्वतंत्र उपकरच मागावा. हा कर भरला की पैसा थेट तळ्यात जाऊन पडतो, अशी लोकांची समजूत असते आणि ती मोडण्याचे आपणास काहीही कारण नाही.

अर्थखात्यातील मंडळी नाके मुरडतील, परंतु तिकडे लक्ष देऊ नये. त्यांचा पहिला आक्षेप असा असतो की एखाद्या करातून किती पैसा येतो आणि एखाद्या कामाला किती पैसा लागतो, या दोन रकमा जुळण्याचे काही कारण नसते. यावर आपण महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे उदाहरण द्यावे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास वि. स. पागे यांच्या पुढाकाराने ही योजना उभी राहिली, १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर बसवण्यात आला आणि वसूल झालेल्या विशेष करांइतकीच रक्कम राज्याने स्वतःची घालावी, असे ठरले. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराची रोजी भागवावी, ही कल्पना खरोखरच थोर होती, हे कोणीही मान्य करील.

फक्त पुढचा भाग सांगताना आवाज थोडा खाली आणावा. व्यवसाय कराचे उत्पन्न मुंबई-पुण्यात किती जणांना पगार मिळतो यावर ठरते, तर कामाची मागणी मराठवाड्यात पाऊस किती पडतो यावर ठरते. नोकऱ्या वाढत गेल्या तसा कर वाढत गेला, परंतु १९९० नंतरच्या काळात कामावरील मजुरांची हजेरी आणि त्यावरील खर्च पूर्वीच्या मानाने घटला. परिणामी करांची वसुली योजनेच्या खर्चाहून जास्त होऊ लागली आणि निधीतील शिल्लक, निदान कागदावर तरी, फुगत गेली. त्याच काळात राज्याला अन्य कामांसाठी कर्ज काढावे लागत होते, हा तपशील मात्र अर्थसचिवांनाच सांगू द्यावा, कारण रुक्ष बोलण्याचा पगार त्यांना मिळतो.

कोणी चौकस माणूस विचारील की मग दुष्काळात मजुरांना काम कशामुळे मिळाले. याचे उत्तर शक्यतो टाळावे. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यावे, अशी जबाबदारी कायद्यानेच सरकारवर टाकली होती आणि निधीत पैसा असो वा नसो, ती पार पाडावी लागत होती. म्हणजे मजुराला आधार होता तो त्याच्या हक्काचा. करावर चिकटवलेल्या चिठ्ठीचा नव्हे. हे एकदा लोकांच्या ध्यानात आले तर ते उपकराऐवजी हक्क मागू लागतील आणि आपला उपकर बारगळेल.

उपकर एकाच कामाशी बांधलेला असला की भरणाऱ्याला आपला पैसा कोठे जातो ते कळते, हा युक्तिवाद मात्र अवश्य करावा. तो ऐकायला फार गोड लागतो. केवळ तो करताना समोरच्याला पगाराची चिठ्ठी बाहेर काढायला सांगू नये. तिच्यावर ‘पी. टी.’ अशा दोन अक्षरांपुढे दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. वर्षाला २,५०० रुपये ही राज्यघटनेने घातलेली मर्यादा गाठण्यासाठी हे फेब्रुवारीचे जादा शंभर असतात. ही कपात रोजगार हमीसाठी सुरू झाली, हे ती वर्षानुवर्षे सोसणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, याचा अंदाज आपण आपल्याच कार्यालयात घ्यावा.

अर्थखात्याचा दुसरा आक्षेप अधिक खोडसाळ आहे, कारण तो ते स्वतःच खरा करून दाखवतात. समजा, तळ्यांवर सरकार आजच ५०० कोटी खर्च करते आणि आपल्या उपकरातून १०० कोटी आले. पुढील वर्षी सर्वसाधारण महसुलातून तळ्यांना ४०० कोटीच द्यायचे, वर उपकराचे १०० घालायचे आणि सुटलेले १०० कोटी दुसरीकडे वळवायचे, एवढे केले की उपकराचा पै न् पै तळ्यांवरच खर्च झाला, असे कोणतेही प्रमाणपत्र देता येते. तळ्यात मात्र एक टोपलीही जास्त गाळ निघत नाही. म्हणून उपकर लागू होण्यापूर्वी त्या कामावर किती खर्च होत होता, हा आकडा आपण कोठेही लिहून ठेवू नये. नाहीतर पुढे कोणी दोन्ही वर्षांची तुलना करील.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ चीही वाच्यता करू नये. त्यानुसार केंद्राचा प्रत्येक कर, उपकरसुद्धा, आधी एकत्रित निधीत जमा होतो आणि तेथून तो राखीव निधीत जाण्यासाठी दरवर्षी अर्थसंकल्पात वेगळी तरतूद करून संसदेची मंजुरी घ्यावी लागते. तरतूद कमी केली की पैसा जागेवरच राहतो. २०१० मध्ये कोळशावर स्वच्छ ऊर्जेसाठी टनाला ५० रुपये उपकर बसला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. २०१७-१८ पर्यंत त्यातून सुमारे ८६,४४० कोटी रुपये गोळा झाले, स्वच्छ ऊर्जेच्या निधीत त्यांतील ३०,००० कोटींहून थोडे कमी पोहोचले आणि प्रकल्पांपर्यंत १६,००० कोटींहूनही कमी. वस्तू व सेवा कर आल्यावर कोळशावरचा हा टनामागे ४०० रुपयांचा भार राज्यांच्या नुकसानभरपाईच्या कामाला जुंपण्यात आला. कोळसा तोच, दर तोच, सत्कार्य तेवढे बदलले.

आता आपण विचाराल की एकाच कामाशी बांधलेल्या करांचा अर्थखात्याला इतका तिटकारा आहे, तर केंद्राच्या अर्थसंकल्पात एवढे उपकर येतात कोठून. येथेच आपल्या यशाची किल्ली आहे. तिटकारा असतो तो दुसऱ्या खात्याने मागितलेल्या उपकराचा. प्राप्तिकर एक रुपया वाढवला तर वित्त आयोगाने ठरवलेल्या प्रमाणात, म्हणजे पंधराव्या आयोगाच्या हिशेबाने ४१ पैसे, राज्यांना द्यावे लागतात. उपकर आणि अधिभार या वाटपातून वगळलेले असल्यामुळे तोच रुपया उपकर म्हणून घेतला तर तो अख्खा केंद्राकडे राहतो. तेव्हा निवेदनात तळ्यांचे महात्म्य दोन ओळींत उरकावे आणि राज्यांना यातील वाटा द्यावा लागणार नाही, हे पहिल्याच परिच्छेदात ठळक अक्षरांत लिहावे. फाइल किती चपळाईने पुढे सरकते ते पाहावे.

राहता राहिली उपकराच्या मुदतीची गोष्ट. मुदत घालूच नये. २००४ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी दोन टक्के उपकर आला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का जोडला गेला, आणि २०१८ मध्ये नावात आरोग्याची भर पडून तो चार टक्के झाला. माध्यमिक व उच्च शिक्षणाचा पैसा ज्यात जायचा, तो कोष स्थापण्यास मंत्रिमंडळाची मंजुरी २०१७ साली मिळाली, तोवर वसुलीला दहा वर्षे झाली होती. आपल्या तळ्यांच्या निधीचे बँक खाते उघडण्याची घाई कोणी करू लागले, तर त्याला हा दाखला द्यावा आणि वसुलीचा आदेश आधी काढून घ्यावा.