मागच्या लेखावरची प्रतिक्रिया आणि माझं उत्तर: ट्रायलमध्ये सगळंच छान का दिसतं

मी कारखान्यांना कूलंट विकतो, म्हणजे मशीनवर धातू कापताना पाण्यात मिसळून वापरायचं तेल. समाधानी ग्राहकाकडेही ट्रायल मागण्याबद्दलच्या माझ्या मागच्या लेखावर एका खरेदी विभागातल्या वाचकानं हे लिहिलं.

प्रतिक्रिया:

"मी गेली सतरा वर्षं खरेदी विभागात आहे. तुमच्यासारखे दोन-तीन लोक दर आठवड्याला येतात. सगळ्यांना फक्त 'एक ट्रायल' हवी असते आणि ट्रायलमध्ये सगळ्यांचंच कूलंट छान चालतं. सहा महिन्यांनी रेट वाढतो आणि माणूस फोन उचलत नाही. माझा आत्ताचा सप्लायर रात्री दहाला फोन केला तरी सकाळी डबे पोचवतो. माझी काहीही तक्रार नाही. समाधानी ग्राहकाच्या डोक्यात नसलेली तक्रार घालायची, यालाच तुम्ही विक्री म्हणता का?"

नमस्कार साहेब,

ट्रायलबद्दलचा तुमचा अनुभव खरा आहे, आणि मागच्या लेखात मी त्यावर लिहायला हवं होतं. ट्रायलमध्ये नवीन कूलंट चांगलं दिसतं याचं मोठं कारण कूलंट नसतंच. ट्रायलआधी टाकी धुतली जाते, तळाची मळी निघते, तेल मोजून घातलं जातं, आणि विकणारा माणूस दर दोन दिवसांनी येऊन बघतो. जुन्या कूलंटला ही वागणूक कधी मिळालेली नसते. तुलना होते ती दुर्लक्षित जुन्याची आणि लाडावलेल्या नव्याची. मी स्वतः पहिली काही वर्षं अशाच ट्रायल दाखवून ऑर्डरी घेतल्या, आणि त्यातल्या बऱ्याच वर्षभरात हातच्या गेल्या. मी यायचा थांबलो की टाकी पुन्हा आधीसारखी व्हायची.

आता मी काय करतो ते भोसरीतल्या एका कारखान्याच्या उदाहरणावरून सांगतो. अकरा सीएनसी मशीन, त्यातल्या चारांवर ईएन-8 पोलादाच्या शाफ्टचं टर्निंग, बाकी सातांवर बिडाचं काम. मालक तुमच्यासारखेच समाधानी होते. नऊ वर्षांचा एकच सप्लायर, रेट लिटरला 165 रुपये, माल वेळेवर. माझा रेट 240. ऑफिसात बसून या फरकावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी फक्त शुक्रवारी सकाळी शॉपवर एक चक्कर मारू द्या असं म्हटलं. त्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. दीड दिवस पंप बंद राहिला की मशीनमधून गळून टाकीत वर तरंगणाऱ्या तेलाखाली हवा पोचत नाही, जिवाणू वाढतात, आणि पंप सुरू करताच कुजका वास येतो. तो आला. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, "शुक्रवारी असतोच तो." त्याच्या लेखी ती तक्रारच नव्हती, त्यामुळे ती परचेसच्या टेबलापर्यंत कधी आली नव्हती.

मिश्रणातलं तेलाचं प्रमाण दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरनं पाहिलं तर चार नंबरच्या मशीनला प्रमाण 3 टक्के निघालं. हवं होतं 7. कारण साधं होतं. चिपबरोबर आणि जॉबबरोबर तेल आणि पाणी दोन्ही टाकीबाहेर जातं, आणि पातळी उतरली की ऑपरेटर बादलीभर साधं पाणी ओतायचा. दर बादलीनं प्रमाण थोडं खाली. 3 टक्क्यांवर गंजापासूनचं संरक्षण जवळपास संपतं. जुलैमध्ये त्यांचे दोन लॉट गंजामुळे परत आले होते. तो खर्च रीवर्कच्या खात्यात पडला होता आणि दोष पॅकिंगला गेला होता.

इथं माझ्यासारख्या माणसाला मोह होतो की लगेच म्हणावं, "बघा, तुमचं कूलंट खराब आहे." ते खोटं ठरलं असतं. कूलंट नाही, ते वापरण्याची पद्धत खराब होती. मी मालकांना म्हटलं, आधी तुमचंच कूलंट नीट चालवू. तुमच्या सप्लायरलाही बोलवा, त्याच्यासमोर करू. सप्लायर आला, आणि त्यानं मदतही केली. टाकी रिकामी करण्याच्या आदल्या शिफ्टला जुन्या कूलंटमध्येच क्लीनर टाकून पंप चालू ठेवला, म्हणजे पाइपातली बुळबुळीत साय सुटते. मग उपसा, तळाची मळी खरवडणं, साध्या पाण्यानं फिरवून धुणं, आणि त्यांचंच तेल 7 टक्क्यांनी भरणं. टॉप-अप साध्या पाण्यानं नाही, तर 3 टक्क्यांच्या मिश्रणानं. रोज सकाळी एक वाचन, भिंतीवरच्या तक्त्यावर.

इन्सर्ट, म्हणजे टूलवरची धातू कापणारी टिकली, किती टिकते याचं मोजमापही आधी ठरवून घेतलं. ऑपरेटर 150 जॉब झाले की सवयीनं तिचा कॉर्नर बदलायचा. सवयीनं बदललेल्या कॉर्नरवरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून नियम लिहिला: बाजूची झीज 0.3 मिमी झाली किंवा फिनिश बिघडली, की बदल. ग्रेड तोच, फीड-स्पीड तेच. नियम लागल्यावर पहिले काही दिवस दुर्लक्षित टाकीतच मोजलं, तेव्हाही कॉर्नरमागे सरासरी 150 जॉबच्या आसपासच आली. टाकी नीट केल्यावर त्यांच्याच कूलंटवर 180. नंतर माझं कूलंट भरलं, तेव्हा 195.

हे आकडे नीट पाहा साहेब. मी थेट ट्रायल केली असती तर 150 चे 195 झाले असं छातीठोक सांगितलं असतं. त्या 45 जॉबपैकी 30 मालकांच्या स्वतःच्या कूलंटमध्येच होते. माझ्या वाट्याचे फक्त 15. महिन्याला 9,000 जॉब आणि चार कॉर्नरचं इन्सर्ट 320 रुपयांना धरलं, तर त्या 15 जॉबांनी महिन्याला साधारण 300 रुपये वाचतात. टॉप-अपला माझं तेल कमी लागलं, 20 लिटरऐवजी 16, पण रेट जास्त असल्यानं त्यात 540 रुपये जादा गेले. म्हणजे दीड महिन्यानंतर हिशेब माझ्या विरुद्ध होता, महिन्याला 240 रुपयांनी. तक्ता भिंतीवर होता, सगळ्यांना दिसत होता.

फरक दिसला तो आठव्या आठवड्यानंतर, आणि म्हणूनच दोन आठवड्यांच्या ट्रायलवर तुम्ही विश्वास ठेवू नये असं मला वाटतं. त्यांच्याकडे बोअरचं कठीण पाणी. टाकीतून वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात, आणि प्रत्येक टॉप-अपबरोबर नवे क्षार येतात. पहिल्या दोन आठवड्यांत कोणतंही कूलंट हे सोसतं. पुढे तेल पाण्यात धरून ठेवणारा घटक त्या क्षारांशी जोडला जाऊन साबणासारखी पांढरी साय वर येते, तेल सुटतं, पीएच उतरतो. त्यांचं कूलंट नीट सांभाळूनही नवव्या आठवड्यात पीएच 8.4 वर आला, वास परतला, आणि दहाव्या आठवड्यात टाकी उपसावी लागली. माझं कूलंट कठीण पाण्यासाठीच बनवलेलं आहे. ते सोळाव्या आठवड्यातही 8.9 वर होतं आणि एकविसाव्या आठवड्यात बदललं.

एका उपशाला चार तास मशीन बंद, म्हणजे त्यांच्या दरानं 1,800 रुपये. वर 180 लिटरच्या टाकीत 7 टक्क्यांनी साडेबारा लिटर नवं तेल. ते दर दहा आठवड्यांनी करण्याऐवजी एकवीस आठवड्यांनी करायचं, तर सगळी वजाबाकी होऊन मशीनमागे महिन्याला पाचशे रुपयांच्या आतबाहेर फायदा निघाला. वापरलेलं कूलंट ओढ्यात सोडता येत नाही, ते अधिकृत ठिकाणी पाठवण्याचा खर्चही निम्म्यावर आला. तो मी वेगळा धरलेला नाही. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण खरी आहे. त्यांच्याकडे मऊ पाणी असतं तर तीही निघाली नसती.

मला मिळाली ती चार मशीनची ऑर्डर. बिडाच्या सात मशीनवर मी स्वतःच नको म्हटलं. तिथं बारीक काळी भुकटी टाकीत बसते आणि उपसा तिच्यामुळे करावा लागतो, कूलंट कोणतंही असो. ती मशीन जुन्या सप्लायरकडेच आहेत. त्याच्या नव्या तक्त्यामुळे तीही आता बरी चालतात, आणि रात्री दहाचा फोन अजून तोच उचलतो. त्या फोनची किंमत मी कमी लेखत नाही. लाइन बंद पडायची वेळ येते तेव्हा 15 जॉबचा फरक कुणाला आठवत नाही. दोन सप्लायर ठेवण्यात एक धोका मात्र आहे. दोन वेगळी कूलंट चुकून एकाच टाकीत पडली तर मिश्रण फाटू शकतं. म्हणून ड्रमला आणि मशीनला एकाच रंगाचे पट्टे लावले. माझ्या तेलाचा रिफ्रॅक्टोमीटर फॅक्टर 1.5 आहे, म्हणजे पट्टीवरचा आकडा दीडनं गुणला की खरं प्रमाण येतं, आणि 7 टक्क्यांसाठी पट्टीवर 4.7 दिसायला हवं. पहिल्याच आठवड्यात एका ऑपरेटरनं 7 दिसेपर्यंत तेल ओतलं आणि त्याच्या हाताला खाज सुटली. ती चूक माझी. तक्त्यावर दोन्ही आकडे मी पहिल्याच दिवशी लिहायला हवे होते.

रेटबद्दल तुम्ही लिहिलंत, ते मी ऑर्डरमध्येच लिहून देतो: बारा महिने रेट पक्का, पुढची वाढ तीस दिवस आधी लेखी कळवून आणि बेस ऑइल वाढलं असेल तरच. तुम्हाला जुन्याकडे परत जायचं असेल तर न उघडलेले ड्रम मी परत नेतो आणि टाकी माझ्या माणसांकडून धुवून देतो. बदलण्यातली तुमची भीती खरी असते, कारण ट्रायल फसली तर परचेसच्या माणसाला उत्तर द्यावं लागतं, माझ्यासारख्याला नाही. त्या फसण्याचा खर्च मी उचलायला तयार नसेन, तर मला ट्रायल मागण्याचा हक्क नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. गेल्या वर्षी चाकणमधल्या एका कारखान्यात गेलो होतो. आरओचं पाणी, रोजचं वाचन वहीत, सगळ्या टाक्या 7 च्या आसपास, सप्लायरचा माणूस दर मंगळवारी हजर. मी तासभर हिंडलो, वही पाहिली आणि त्यांना सांगितलं की माझ्याकडे तुमच्यासाठी काही नाही. तुमच्याकडेही असंच असेल तर मला बोलावू नका. पण ते तुमच्या टेबलावरून कळणार नाही. पुढच्या सुट्टीनंतर पंप सुरू होण्याआधी एकदा मशीनजवळ उभे राहा, झाकण उचला, आणि टॉप-अपला ऑपरेटर काय ओततो ते पाहा. फॅक्टर धरून प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली निघालं, तर पहिला फोन तुमच्या आत्ताच्या सप्लायरला करा. त्यानं येऊन ते सावरलं, तर तुम्ही त्याच्यावर समाधानी आहात ते बरोबरच आहे.