नोकरीवरून काढलं, आता क्वार्टर कधी सोडायचं? आणि पेनल रेंट खरंच तेवढं लागतं का?

डिसमिसलची ऑर्डर हातात पडली की पहिल्या आठवड्यात दोन सल्ले हमखास मिळतात. कॉलनीतले जुने लोक म्हणतात क्वार्टर सोडू नको, ताबा हाच तुझा हुकूमाचा एक्का, हिशोब मिळाल्याशिवाय चावी देऊ नको. आणि पर्सोनेलवाले म्हणतात उद्याच खाली कर नाहीतर पोलीस आणतो. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पण माझं स्पष्ट मत आहे की पहिला जास्त महागात पडतो, कारण त्याचं बिल सहा-आठ महिन्यांनी येतं आणि तेव्हा सल्ला देणारा जवळपास दिसत नाही.

मी इथे मुख्यतः सरकारी कंपन्यांच्या, म्हणजे पीएसयूच्या कॉलन्यांबद्दल लिहितोय. तिथे १९७१ चा पब्लिक प्रिमायसेस कायदा लागतो आणि त्यात पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रायव्हेट कंपनीचं शेवटी थोडक्यात सांगतो.

आधी किती दिवस राहता येतं ते. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो कारण घड्याळं दोन आहेत. पहिलं घड्याळ हक्काचं. क्वार्टर नोकरीसोबत मिळालेलं असतं, नोकरी संपली की राहण्याचा अधिकारही संपतो, पुढे जी काही मुदत मिळते ती कंपनीच्या हाउसिंग रूल्समधून किंवा अलॉटमेंट लेटरमधून. केंद्र सरकारच्या क्वार्टर्सना डिसमिसल, रिमूव्हल, राजीनामा यासाठी एक महिना मिळतो, रिटायर होणाऱ्याला त्याहून बरंच जास्त. पीएसयूंचे नियम आपापले असतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीतल्या मेव्हण्याला किती मिळाले याचा काही उपयोग नाही, स्वतःचं अलॉटमेंट लेटर काढून वाचा, मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटींसकट.

दुसरं घड्याळ बाहेर काढण्याचं. हक्क संपला म्हणून सिक्युरिटीवाले येऊन सामान रस्त्यावर टाकू शकत नाहीत. या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, म्हणजे इस्टेट ऑफिसरला, आधी शो कॉज नोटीस काढावी लागते आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नोकरीसोबतच्या क्वार्टरसाठी कलम ३-बी खाली तीन कामाच्या दिवसांच्या नोटिशीवरही घर खाली करायची ऑर्डर काढता येते; जुन्या वाटेने गेले तर कलम ४ खाली नोटीस आणि मग कलम ५ खाली कारणं लिहून ऑर्डर. त्या ऑर्डरमध्ये घर सोडायला जास्तीत जास्त १५ दिवस, तशीच मोठी अडचण असेल तर कारण नोंदवून आणखी १५. त्यानंतर मात्र बळाचा वापर करून ताबा घेता येतो. कलम ५ च्या ऑर्डरवर अपील जिल्हा न्यायाधीशाकडे, मुदत फक्त १२ दिवस. हे बारा दिवस वकील शोधण्यातच जातात, आणि साध्या दिवाणी कोर्टात दावा टाकू म्हणाल तर तो रस्ता कायद्याने बंद केलेला आहे.

आता गंमत अशी की दुसरं घड्याळ ऑफिसच्या संथपणामुळे कधी कधी वर्षभर चालतं, आणि माणसाला वाटतं आपण जिंकतोय. पण पहिलं घड्याळ तर कधीच बंद पडलेलं असतं. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कायद्याच्या भाषेत अनधिकृत, आणि मीटर भाड्याचं नाही तर नुकसानभरपाईचं पडायला लागतं, हेच ते पेनल रेंट.

डिसमिसलला लेबर कोर्टात आव्हान दिलंय, मग क्वार्टर राहणारच ना? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नुसती केस चालू आहे म्हणून राहत नाही. डिसमिसलवर किंवा घर खाली करण्यावर स्टे मिळाला तर गोष्ट वेगळी. उद्या केस जिंकून कामावर परत घेतलं तर त्या काळातल्या पेनल रेंटचा मुद्दा नव्याने मांडता येतो, पण तोपर्यंत आकडा वाढत असतो आणि लेबर कोर्टाच्या तारखा किती लांबतात हे सांगायला नको.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. समजा एकाला १० जूनला डिसमिस केलं, क्वार्टर ६०० स्क्वेअर फूट, लायसन्स फी महिन्याला ८०० रुपये, रूल्समध्ये एक महिन्याची मुदत. तो १० जानेवारीपर्यंत राहिला आणि मग चावी दिली. कंपनीने फुल अँड फायनलमध्ये लिहिलं, ३० रुपये स्क्वेअर फूटने महिन्याला १८,००० गुणिले सात महिने, १,२६,००० रुपये, शिवाय रिपेअर २२,०००, आणि सगळं ग्रॅच्युइटीतून कापलं.

यात पहिली चूक लगेच दिसते. सात महिने कसे? एक महिना तर मुदतीचाच होता, त्याला साधी ८०० रुपये फी लागेल, अनधिकृत काळ ११ जुलैपासून, म्हणजे सहा महिने. कंपनीचा रेट जसाच्या तसा धरला तरी १,०८,००० अधिक ८०० होतात. सतरा हजारांच्या वर फरक, फक्त तारखेमुळे. तरी लोक ती शीट सही करून घरी आणतात.

दुसरा मुद्दा रेटचा. हे ३० रुपये आले कुठून? बहुतेक वेळा हेड ऑफिसच्या एखाद्या सर्क्युलरमधून. पण कलम ७ खाली नुकसानभरपाई इस्टेट ऑफिसरने ठरवायची असते, त्यासाठी वेगळी नोटीस द्यायची असते, आणि १९७१ च्या नियमांतल्या नियम ८ मध्ये काय बघायचं तेही लिहिलंय: किती काळ आणि कशासाठी ताबा ठेवला, जागा केवढी आणि कशा दर्जाची, तीच जागा बाहेरच्या माणसाला भाड्याने दिली असती तर किती मिळालं असतं, त्या काळात जागेची काय मोडतोड झाली. आपल्या उदाहरणात आजूबाजूला तसंच घर ९,००० ला जात असेल आणि तशी दोन-तीन लीव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट दाखवता आली, तर सहा महिन्यांचे ५४,००० होतात, बरोबर निम्मे. पण एक अडचण आहे, अलॉटमेंटच्या वेळी "मुदतीनंतर कंपनीच्या दराने पेनल रेंट देईन" असं सही करून दिलेलं असेल तर हा वाद बराच कमकुवत होतो. तरीही नोटिशीला उत्तर द्यायचंच. उत्तर न देता बसलं की ऑर्डर एकतर्फी होते, आणि मग अपिलात नवीन कागद घुसवणं फार अवघड जातं. अजून एक, एकदम भरता येत नसेल तर हप्ते मागा, कलम ७ मध्येच हप्त्यांची सोय आहे आणि फार कमी लोक ती मागतात. उशीर झाला तर वर व्याजही चढतं.

रिपेअरच्या २२,००० बद्दल माझं मत कडक आहे. भिंतींचा रंग उडणं, नळाचा वॉशर जाणं ही वापराने होणारी झीज, ती कामगाराच्या माथी मारायची नाही. तोडलेलं दार, काढून नेलेला गीझर हे नुकसान. फरक सिद्ध होतो फक्त इन्व्हेंटरीवरून, म्हणजे क्वार्टर घेताना केलेली यादी. ती कंपनीकडे नसेल तर मागा, नाही म्हणाले तर ते लेखी घ्या.

बरं, भरलं नाही तर वसूल कसं करतात? इस्टेट ऑफिसर कलेक्टरला सर्टिफिकेट पाठवतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे जप्तीपर्यंत प्रकरण जाऊ शकतं, "दिवाणी दावा टाकतील, बघू दहा वर्षांनी" असं इथे चालत नाही. एक बचाव मात्र आहे, सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्ये कालू रामच्या केसमध्ये सांगितलंय की मुदतबाह्य झालेलं थकीत भाडं कलम ७ वापरून वसूल करता येत नाही. त्यामुळे जुनी वर्षं उकरून काढलेली डिमांड आली तर आधी तारखा बघा.

पण व्यवहारात कंपनीला कलेक्टरकडे जायची गरजच पडत नाही कारण ग्रॅच्युइटी तिच्याच हातात असते. आणि खरी लढाई इथे आहे. पीएफला हात लावता येत नाही, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. डिसमिस झाला म्हणून ग्रॅच्युइटी आपोआप जात नाही, ती जप्त करायची कारणं कायद्यात मोजकी आहेत आणि त्यासाठी वेगळी ऑर्डर लागते, क्वार्टर न सोडणं त्या यादीत नाही. मात्र पेनल रेंट ग्रॅच्युइटीतून वळतं करायला सुप्रीम कोर्टाने मोकळीक दिलेली आहे, ओएनजीसीच्या व्ही. यू. वॉरियर केसमध्ये २००५ ला आणि सेलच्या राघवेंद्र सिंगच्या केसमध्ये २०२० ला. ही दोन्ही निकालपत्रं कंपन्यांचे वकील तोंडपाठ म्हणतात. मला स्वतःला हे पटत नाही. आयुष्यभराच्या नोकरीचा पैसा घरभाड्याच्या वादात, तोही कंपनीने स्वतःच लावलेल्या रेटने, खाऊन टाकायचा आणि मग कामगाराने भांडत बसायचं, यात कुठे आलं संतुलन? निदान कलम ७ ची ऑर्डर होईपर्यंत वादातली रक्कम बाजूला ठेवून उरलेली द्यावी एवढं तरी व्हावं. पण मला पटो न पटो, आज कायदा असाच आहे आणि हे माहीत असताना "ग्रॅच्युइटी दिल्याशिवाय क्वार्टर सोडणार नाही" म्हणणं म्हणजे ज्याच्याकडून पैसे घ्यायचेत त्यालाच रोज कापायची संधी देणं.

बिगरसरकारी कंपनीत, मग ती प्रायव्हेट लिमिटेड असो की पब्लिक लिमिटेड, इस्टेट ऑफिसर नसतो, तिथे कंपनी कायदा २०१३ चं कलम ४५२ येतं आणि ते फौजदारी आहे. दंड एक लाखापासून पाच लाखांपर्यंत, कोर्टाने दिलेल्या मुदतीत घर सोडलं नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद. "मी तर आता एम्प्लॉयीच नाही" हा बचाव सुप्रीम कोर्टाने जुन्या कायद्याच्या कलम ६३० खाली १९८७ मध्येच, बलदेव कृष्ण साहीच्या केसमध्ये, बाद केलाय. पण २०२० च्या दुरुस्तीने एक चांगली गोष्ट आली, कंपनीने पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी यांचे पैसे किंवा मृत्यू-अपंगत्वाची भरपाई दिलेली नसेल तर घर न सोडल्याबद्दल कैदेची शिक्षा टाळता येते. कैदेची हं. भाडं-भरपाई माफ होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. आणि ती भरपाई मागायला प्रायव्हेट कंपनीला सहसा दिवाणी मार्गानेच जावं लागतं.

त्यामुळे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो: डिसमिसलची केस जोरात लढा, पण क्वार्टर मुदतीत सोडा. मुलांची परीक्षा, घरात आजारपण असं काही असेल तर मुदत संपायच्या आधी लेखी अर्ज द्या, साधी फी भरायला तयार आहे असं त्यात लिहा आणि पोचेचा शिक्का घ्या. सोडताना घरातले फोटो, मीटर रीडिंग, आणि ताबा दिल्याची तारीख असलेली पावती, या तीन गोष्टी झाल्याशिवाय चावी टेबलावर ठेवून येऊ नका. कारण कुलूप तुमचं असेल तर घर रिकामं असलं तरी हिशोबात तुम्ही तिथेच राहताय, आणि मी अशी डिमांड पाहिलीय ज्यात माणूस गावी जाऊन राहिला होता तरी पाच महिन्यांचं पेनल रेंट लागलं होतं, फक्त पावती नव्हती म्हणून.