कारवीचा मध, बाराही महिने

मधाचा धंदा टाकताय? उत्तम. माश्या पाळायची गरज नाही, जाहिरात लिहिता आली की झालं.

नुसतं ‘महाबळेश्वरचा मध’ लिहू नका. ‘सह्याद्रीच्या कुशीतला कारवीचा रानमध’ लिहा. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, पण ती कारवीची अडचण. तुम्ही खाली ‘वर्षभर उपलब्ध’ टाका. माशी सातेरी की आग्या, हेही सांगू नका. सातेरी पेटीत राहते, तिची पोळी मधुयंत्रात फिरवून मध काढतात आणि पोळी तिला परत देतात. आग्याचं पोळं कड्यावर नाहीतर उंच झाडावर लटकतं, ते कापून पुष्कळदा पिळूनच काढतात. हे कळलं की लोक पुढचे प्रश्न विचारतात.

‘कच्चा, न तापवलेला’ हे ठळक अक्षरांत छापा आणि मग मध बिनधास्त तापवा. न तापवलेला बराचसा मध थंडीत रवाळ होतो, त्यातल्या ग्लुकोजचे कण जमतात. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. पण हे कोण समजावत बसणार? गिऱ्हाईक ‘तळाशी साखर बसलीय’ म्हणून पैसे परत मागतं.

आता खरी करामत: घरच्या घरी चाचणी. व्हिडिओ करा. पेल्यातल्या पाण्यात थेंब सोडा, तो न विरघळता तळाशी जातो. मधात बुडवलेली काडी पेटते. कुत्रा हुंगून निघून जातो. (कुत्रा आधी जेवलेला असावा.) यातून एवढंच सिद्ध होतं की पदार्थ दाट आहे आणि त्यात पाणी कमी आहे. साखरेचा दाट पाकही तसाच तळाशी जातो, पण व्हिडिओ पाक दाखवून करायचा नसतो.

प्रयोगशाळेची भीती वाटते? उसाचा किंवा मक्याचा पाक घालू नका. ही झाडं कार्बन वेगळ्या रीतीने घेतात, म्हणून त्यांची साखर समस्थानिकांच्या, म्हणजे हलक्या-जड कार्बन अणूंचं प्रमाण मोजणाऱ्या, चाचणीत सापडते. तांदूळ मात्र बहुतेक फुलझाडांच्याच गटातला. त्याचा पाक त्या चाचणीतून निसटू शकतो. २०२० मध्ये दिल्लीच्या एका पर्यावरण संस्थेने १३ ब्रँडचा मध जर्मनीत तपासून घेतला, तेव्हा NMR या, भेसळ अधिक बारकाईने शोधणाऱ्या, चाचणीत फक्त ३ टिकले. कंपन्यांनी तो निष्कर्ष फेटाळला, आणि ही चाचणी काही स्वयंपाकघरात होत नाही. तेव्हा निश्चिंत असा.

धोका एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाचा. ‘छान, पण मध कोणत्या महिन्यात काढला? कोणत्या गावात? तेव्हा तिथे काय फुललं होतं?’ अशी विचारपूस करणारी एखादी काकू निघतेच. तिला आधी हात जोडल्याची इमोजी पाठवा. तरीही तिने ‘कारवी मागे कधी फुलली होती हो?’ असं विचारलं, तर ब्लॉक करा.