बँकेत आले तेवढीच विक्री?

दर महिन्याला आमचे हिशेबनीस बँकेत जमा झालेली रक्कमच विक्री म्हणून लिहितात आणि दर महिन्याला मी तीच वही पुन्हा उघडतो. मार्च अखेरीस कोल्हापुरी चपलांचा एक जोड ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळावर 1,000 रुपयांना गेला. संकेतस्थळाचे 150 रुपये कमिशन, 80 रुपये पाठवणी आणि या दोन्हींवरचा 18 टक्के जीएसटी वजा होऊन हाती 728.60 रुपये आले (टीसीएस, टीडीएस तूर्त बाजूला ठेवू). विक्री 1,000 रुपयांचीच आहे, बाकीचा खर्च आहे, आणि त्यावरच्या जीएसटीचे क्रेडिट 41.40 रुपये आहे, हे कितीदा सांगायचे?

एप्रिलमध्ये ‘अंगठा घट्ट होतो’ म्हणून जोड परत आला आणि ग्राहकाला 1,000 रुपये परत गेले. कमिशन जीएसटीसह परत मिळाले, पाठवणी मिळाली नाही, उलट परतीचे 110 रुपये अधिक जीएसटी लागले, आणि दुसऱ्याच जोडांच्या रकमेतून 952.80 रुपये गुपचूप कापले गेले. हिशेबनिसांच्या वहीत मात्र एप्रिलची विक्रीच घटलेली! क्रेडिट नोट नाही, तळ घासलेला जोड साठ्यात नवा म्हणून जमा, आणि जाण्यायेण्याच्या पाठवणीचा, 80 आणि 110 मिळून 190 रुपयांचा निव्वळ तोटा कुठेच नाही.