प्लेलिस्टमधलं गाणं करडं का होतं?

गणपतीत मालवणच्या घरी काकांच्या प्लेलिस्टमधली दोन गाणी करडी दिसायला लागली. बोट लावलं तरी हूं नाही की चूं नाही. काका वैतागले, "म्हयन्याक पैशे भरतंय मा मी? डाउनलोड पण केलंला!"

रेंज गेली असेल असं आधी वाटलं. (आमच्याकडे पावसात तोच पहिला संशय.) पण बाकीची गाणी वाजत होती.

काकांना मी आंब्याच्या बागेवरून समजावलं. आपल्याकडे जमीन एकाची आणि कलमं दुसऱ्याची असं असतं ना, तसंच गाण्याचं. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, आणि त्या गायकाच्या आवाजातल्या रेकॉर्डिंगचा वेगळा. रेकॉर्डिंग बहुधा कॅसेट कंपनीच्या मालकीचं असतं. ॲपवाला म्हणजे बाग कराराने घेणारा. करार ठरावीक मुदतीचा, ठरावीक देशांपुरता. मुदत संपली आणि दर जमला नाही, की बाग परत मालकाकडे. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं आणि दोन-तीन महिन्यांतच सारेगामा कंपनीची गाणी तिथून गेली. परत आली ती २०२०मध्ये, नवा करार झाल्यावर.

डाउनलोडचंही तेच. ती फाइल कुलूपबंद असते आणि चावी ॲपकडे. म्हणून तर फोन अधूनमधून नेटला जोडावा लागतो, स्पॉटिफायवर ३० दिवसांतून एकदा तरी. आपण भरतो ते भाडं. मला राग आहे तो याचाच, की 'डाउनलोड' या शब्दाने आपल्याला गाणं विकत घेतल्यासारखं वाटतं. आणि गाणं करडं करताना कारणाची एक ओळ लिहायला यांचं काय जातं?

मग शोधायला बसलो. पहिल्या गाण्याचं नाव टाकलं तर तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या अल्बमखाली मिळालं, अगदी सेकंदासकट तेवढ्याच लांबीचं. म्हणजे कंपनीने जुनी नोंद काढून नवी चढवली होती. प्लेलिस्टमध्ये गाणं नसतंच, त्या नोंदीचा पत्ता असतो. ॲप कधीकधी स्वतःच नवा पत्ता जोडतं, इथे जोडला नव्हता. नवी नोंद टाकली, काम झालं.

दुसऱ्याचं तसं नव्हतं. तीच चाल, तेच शब्द दुसऱ्या दोन गायकांच्या आवाजात वाजत होते, काकांना हवा तोच आवाज कुठे नाही. म्हणजे जमिनीचं भांडण नव्हतं, कलमांचा करार अडला होता. मस्कतहून आलेल्या आत्येभावाच्या फोनवर मात्र तेच गाणं वाजलं! त्याचं खातं तिथलं, तिथला करार चालू असणार.

काका म्हणाले, "मगे पुसून टाक ता."

मी नाही पुसलं. करार झाला आणि तीच नोंद परत आली, तर गाणं त्याच जागी आपोआप उजळतं. पुसलं तर ते परत आलेलं कळणार कसं? सध्या काकांचं आरतीनंतर भाच्याचा फोन मागून ऐकणं चालू आहे, तो रविवारी मस्कतला परत जाईपर्यंत.